रंगीत केलेल्या जुन्या फोटोत आपली माणसं ओळखू का येत नाहीत?

चिंचेचा पार

आमच्याकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रूप फोटो आहे. मागे बोरूने "वाई, वैशाख शके १८५९" एवढंच लिहिलंय. म्हणजे १९३७ चा उन्हाळा. मुंजीचा फोटो. पुढे लंगोटी नेसलेला, हातात दंड घेतलेला मुंजा, शेजारी टोपी घातलेला एक मुलगा, मधे खुर्च्यांवर पुरुष, मागे तीन बायका उभ्या.

न्यू जर्सीच्या चुलतभावाने हा फोटो कुठल्याशा अ‍ॅपवर टाकून रंगीत केला आणि दिवाळीत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर पाठवला. सगळ्यांनी बदाम पाठवले. मग सांगलीच्या आत्याला (वय ८६) मोबाईल दाखवला, आणि ती म्हणाली, डावीकडची ती मोठी काकू, तिला चंद्रकळा फार आवडायची. आता हीच आत्या आजवर काळ्यापांढऱ्या फोटोत त्याच बाईला "आमची आत्याबाई" म्हणत आली आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची आत्या, बालविधवा, जन्मभर तांबड्या आलवणात. रंगीत फोटोत तिला गडद निळं लुगडं नेसवलंय.

दुसरी भानगड मुंजाची. आजवर तो माझे आजोबा समजला जायचा, कारण डोळे घारे. रंगीत फोटोत डोळे चांगले तपकिरी आहेत. त्यामुळे आता निम्मं घर म्हणतंय की हे आजोबा नव्हेतच, त्यांचे धाकटे भाऊ आहेत.

माझा प्रश्न असा: नुसता रंगच भरला असेल तर चेहरा तोच राहायला हवा ना? मग जन्मभर पाहिलेला फोटो आत्याला वेगळा का दिसावा? आणि खरं काय ते आता ठरवायचं कसं?

अनवट

आत्याचं वय ८६ म्हणजे फोटो काढला तेव्हा ती जन्मलीच नव्हती. तिने तरी कशावरून ओळखायचं?

चिंचेचा पार

बरोबर, पण आत्याबाई ती दहा-बारा वर्षांची होईपर्यंत होत्या. मोठी काकू तर खूप नंतर गेली. दोघींना तिने घरात वावरताना पाहिलंय.

बोरूबहाद्दर

ही सगळी अ‍ॅपं परदेशी. गोऱ्या लोकांच्या फोटोंवर शिकवलेली. त्यामुळे ती सगळ्यांना गोरं करतात, डोळे निळे करतात, गालावर गुलाबी फासतात. माझे पणजोबा शेतात राबणारे, काळेसावळे. रंगीत केल्यावर स्कॉटलंडचे मिशनरी दिसायला लागले. यापलीकडे काही कारण नाही.

शेवंता७

मिशनरी 😂😂

पिक्सेल

बोरूबहाद्दर, अर्धंच बरोबर आहे. नुसता रंग भरणारा प्रोग्रॅम कुणाला गोरं करू शकत नाही, कारण तो उजेड-अंधाराला हातच लावत नाही. फोटोची करडी छटा जशीच्या तशी ठेवतो आणि वर दोन रंगांचे थर अंदाजाने चढवतो, एक हिरवा-लाल आणि एक निळा-पिवळा. शेवटी तिन्ही एकत्र. २०१६ च्या सुमाराचे सुरुवातीचे प्रोग्रॅम असेच होते, आणि २०१८ साली आलेला डीओल्डिफाय, ज्यावर २०२० मध्ये मायहेरिटेजने आपली रंग भरायची सोय उभी केली, तोही मुळात याच जातीचा.

शिकवणी अशी: लाखो रंगीत फोटो घ्यायचे, रंग काढून टाकायचा, आणि प्रोग्रॅमला म्हणायचं, ओळख मूळ रंग काय होता. चुकला की दुरुस्ती. म्हणून गवत हिरवं आणि आकाश निळं छान जमतं. लुगड्याचा रंग मात्र कशावरून कळणार? तिथे तो सगळ्यात कमी चुकेल असा बुळबुळीत रंग देतो. फिका तपकिरी, करडट निळा.

त्यामुळे धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: नुसता रंग भरला असेल तर नाक, डोळे, जिवणी तीच असणार. आत्याचा गोंधळ हा मनाचा खेळ आहे.

डार्करूम

पिक्सेल, तुमचं यंत्राचं गणित बरोबर असेल, पण फोटो कसा निघाला होता ते तुम्ही धरलेलंच नाही. आमचा कोल्हापुरात वडिलांपासून स्टुडिओ होता. थोडं सविस्तर लिहितो.

त्या काळी आपल्याकडच्या गावोगावच्या स्टुडिओत ऑर्थो प्लेट, म्हणजे फोटो उमटायची एका जातीची काच, सर्रास चालायची. ही प्लेट निळा आणि हिरवा उजेड पाहते, लाल तिला दिसतच नाही. लाल रंगही पाहणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट इंग्लंडात १९०६ पासून विकत मिळत होती, पण ती मिट्ट काळोखात धुवावी लागते. ऑर्थो लाल दिव्याखाली धुता येते, चित्र कसं उमटतंय ते डोळ्यांनी बघत हात आवरता येतो. वडील म्हणायचे, आंधळेपणाने कोण धुणार? म्हणून लहान गावांत ऑर्थो कितीतरी वर्षं टिकली.

आता लाल दिसत नाही याचा अर्थ लाल वस्तू कागदावर काळी येते. कुंकू काळं. ओठ काळपट. लाल पगडी काळी. टिळकांची पगडी चित्रांत लाल आणि फोटोत काळीभोर असते ती याचमुळे. आपल्या सावळ्या किंवा तांबूस कातडीतून परत येणारा उजेड मुख्यतः तांबड्या बाजूचा असतो, तोही प्लेटला दिसत नाही, म्हणून माणूस होता त्यापेक्षा काळा येतो. उलट निळ्या-करड्या डोळ्यांचा उजेड प्लेट आनंदाने घेते, म्हणून घारे डोळे होते त्याहून फिके, कधीकधी भुतासारखे पांढरे दिसतात.

आता तुमच्या प्रोग्रॅमकडे या. त्याने शिकताना जे करडे फोटो पाहिले ते आजच्या रंगीत फोटोंतून रंग काढून केलेले. त्यांत लाल साडी मध्यम करडी दिसते, काळी नाही. म्हणजे त्याच्या अनुभवात इतकं काळं कापड हे काळं, नाहीतर गडद निळं. ते लाल असेल असं त्याच्या कधी मनातच येणार नाही. विधवेचं आलवण तांबडं. ऑर्थो प्लेटवर ते चंद्रकळेइतकंच काळं पडणार. म्हणजे यंत्राने चूक केली असं नाही, त्याने त्याच्या शिकवणीप्रमाणे चोख उत्तर दिलं, फक्त प्रश्नपत्रिका वेगळ्या प्लेटची होती.

पिक्सेल

ऑर्थोचं लक्षात आलं नव्हतं. मान्य. पण मग कुठल्याही यंत्राला किंवा माणसाला नुसत्या करड्या छटेवरून लाल की काळं हे सांगताच येणार नाही.

डार्करूम

नाहीच येणार. ती माहिती प्लेटवर कधी उतरलीच नाही.

हिरवा चाफा

मला आत्याचं अजिबात नवल वाटत नाही. जुन्या बायका फोटोतल्या बाईचा चेहरा नंतर बघतात. आधी कुंकू आहे का, नथ आहे का, पदर कसा आहे, लुगडं कुठलं. चेहरे या फोटोंत असून असून केवढे असतात, हरभऱ्याएवढे. काळ्यापांढऱ्या फोटोत आत्याला लुगड्याचा रंग माहीत नव्हता, म्हणून ती आठवणीतलं आलवण त्यावर घालून बघत होती. आता समोर चक्क निळंकाळं लुगडं आलं. निळ्याकाळ्या लुगड्यातली घरातली बाई कोण, तर चंद्रकळावाली काकू. तिने अगदी तर्काने ओळखलंय, फक्त तिला पुरावाच खोटा दिलाय.

चिंचेचा पार, तुम्ही मूळ फोटो बघा, रंगीत नको. चंद्रकळेला काठ असतो. आलवणाला काठ नसतो. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत घट्ट ओढलेला आहे का? हातात बांगड्या आहेत का? आणि मुख्य म्हणजे कपाळावर काळा ठिपका आहे का?

नानबा

धागा वाचनखुणेत साठवला. माझ्याकडेही जुने फोटो आहेत, त्यांवर पांढरी बुरशी आलीय आणि एक तर अल्बमच्या प्लास्टिकला चिकटलाय. कशाने पुसावे? कुणी सांगितलं बटाट्याच्या कापाने निघतं.

डार्करूम

नानबा, बटाटा भाजीत घाला. ओलं काहीही लावू नका. प्लास्टिकसकट स्कॅन करा आणि ओढून काढायच्या फंदात पडू नका. बाकी वेगळ्या धाग्यावर बोलू.

बोरूबहाद्दर

सगळं ऐकलं, पण माझे पणजोबा गोरे कसे झाले? डार्करूम यांच्या म्हणण्याप्रमाणे ते आणखी काळे दिसायला हवेत.

पिक्सेल

तुमच्या अ‍ॅपमध्ये "एन्हान्स" किंवा "चेहरा स्पष्ट करा" असं काही चालू होतं का? बऱ्याच अ‍ॅपांत ते आपोआप लागलेलं असतं. तिथे खरा घोळ आहे.

ते रंग भरणं नव्हे. चेहऱ्याचा चौकोन कापून घेतात आणि त्या धूसर चेहऱ्याशी मिळताजुळता एक नवा, चकचकीत चेहरा बनवून त्या जागी बसवतात. २०२१ चा जीएफपीगॅन आणि त्याच्या पाठोपाठचे प्रोग्रॅम हेच करतात. त्यांची शिकवणी फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या संचावर झालेली असते. आजचे चेहरे, आजचे कॅमेरे, आजचं हसणं. मूळ चेहऱ्यात जिथे माहिती नाही तिथे त्या संचातला सरासरी चेहरा येऊन बसतो. २०२० मध्ये असाच चेहरा स्पष्ट करणारा एक प्रोग्रॅम गाजला होता, त्याला बराक ओबामांचा ठोकळेदार केलेला फोटो दिला तर त्याने गोरा माणूस काढून दिला. तुमच्या पणजोबांचं तसंच झालं असणार.

आणि हल्लीची जी साधनं "हा फोटो रंगीत करून दे" म्हटलं की करून देतात, त्यांतली बरीचशी तर अख्खा फोटोच नव्याने काढतात. मागची भिंतसुद्धा.

शेवंता७

अय्या, म्हणून आमच्या आजीचे दात इतके सरळ आले! तिचा पुढचा दात शेजारच्या दाताखाली दबलेला होता, सगळ्या बहिणींचा तसाच. फोटोत ओठ मिटलेले होते, तरी दात आले!

चिंचेचा पार

हे चालू होतं का ते भावाला विचारलं. तो म्हणतो आठवत नाही, "जे होतं ते दाबलं".

किवी_मराठी

मी ऑकलंडला असते. इथल्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची, ता मोकोची, गोष्ट यात बसते. १९ व्या शतकात इथे ओल्या प्लेटवर फोटो काढायचे, ती प्लेट जवळजवळ फक्त निळाच उजेड पाहणारी. निळसर-हिरवट गोंदण त्यावर फिकं पडून नाहीसं व्हायचं. ज्याच्या चेहऱ्यावर सगळी वंशावळ कोरलेली, तो फोटोत कोऱ्या चेहऱ्याचा.

ते वाचलं तेव्हा मला माझी नगरकडची आजी आठवली. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, हिरवंगार. लग्नानंतरच्या फोटोत ते अगदी पुसट, शोधावं लागतं. मावसबहिणीने फोटो रंगीत करून फ्रेम केला त्यात ते साफ गेलंय. म्हणजे थोडं प्लेटने खाल्लं आणि उरलेलं अ‍ॅपने डाग समजून पुसलं. आईला दाखवल्यावर ती म्हणाली, ही आई नाही, ही कुणी शहरातली बाई आहे.

हिरवा चाफा

गोंदण, नथ आणि कुंकू ही तिन्ही त्या ७०,००० चेहऱ्यांत किती असणार! नथीचा आकडा तर ओठावर आलेला असतो, यंत्राला तो फोटोला पडलेला चरा वाटत असेल. मी एका फोटोत नथीचं फाटलेल्या ओठात रूपांतर झालेलं पाहिलंय. आणि सवाष्णीचं कुंकू पुसून टाकायचं म्हणजे घरच्यांना ओळखीची खूण उलटीच मिळते.

डार्करूम

एक सांगून ठेवतो, नाहीतर इथे सगळे मूळ फोटोला देव मानायला लागतील. मूळ फोटोही धुतल्या तांदळाचा नसतो.

आमच्याकडे निगेटिव्हवर पेन्सिलने काम व्हायचं. काचेवर आधी चिकट मीडियम चोळायचं, मग टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक टिंबं. निगेटिव्हवर जिथे शिसं लागलं तिथे प्रिंट उजळ येते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या आणि देवीचे वण असे भरून काढायचे. त्या पिढीत देवीच्या वणांची माणसं घरोघर होती, पण फोटोत ती क्वचित दिसतात. गावात ज्याला "वणवाला" म्हणून ओळखायचे त्याचा फोटो गुळगुळीत. हे माझ्या वडिलांनी शेकड्याने केलंय.

आणि हाताने रंगवलेले फोटोही असायचे. ब्रोमाइड प्रिंटवर पातळ पारदर्शक रंग. फरक एवढाच की रंगवणारा विचारायचा. प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "वर्ण सावळा, फेटा गुलाबी, शालू हिरवा". अर्थात गिऱ्हाईक "जरा उजळ ठेवा" म्हणालं तर उजळही ठेवायचे. कुणाकडे जुना हाताने रंगवलेला फोटो असेल तर फ्रेममधून काढून मागची बाजू जरूर बघा.

मिरजमळा

म्हणजे फसवणूक तेव्हाही होती, आताही आहे. मग आताच एवढा गहजब का? लोकांना रंगीत बघायला आवडतं, नातवंडं निदान बघतात तरी. काळापांढरा फोटो ट्रंकेत पडून होता.

किवी_मराठी

गहजब अशासाठी की हे कुणाच्यातरी जिव्हारी लागतं. एप्रिल २०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो एका आयरिश कलाकाराने रंगीत केले आणि व्हाइसने छापले. काही कैदी त्यात हसताना दिसत होते. मूळ फोटोत ते हसत नव्हते. नातेवाइकांनी आणि तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने आक्षेप घेतला आणि व्हाइसला लेख काढून टाकावा लागला.

मिरजमळा

ते रंग भरणं नव्हे, ती लबाडी आहे. वाईच्या मुंजीची आणि त्याची तुलना नको.

किवी_मराठी

तुलना करत नाहीये. पण रंगीत चित्र समोर आलं की बघणारा मूळ मागत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

अनवट

मिरजमळांचं थोडं पटतं. पण रंगाने काळही सरकतो हे कुणी बोललं नाही. आपल्या घरात रंगीत फोटो आले ते साधारण १९७५-८० नंतर. त्यामुळे रंगीत दिसला की मनात आपोआप तो काळ येतो. आमच्या भाच्याने १९४० च्या आसपासच्या फोटोतल्या पणजीला बघून "ही मोठी मावशी ना?" विचारलं. पिढीच बदलली.

पिक्सेल

चिंचेचा पार, भांडण मिटवायचा एक मार्ग आहे. चेहरा बदललाय की नुसता रंग भरलाय हे तपासता येतं. रंगीत फोटोतला रंग काढून टाका आणि मूळ स्कॅनमधून वजा करा. नुसता रंग भरला असेल तर जवळजवळ सगळं काळं उरेल, फार तर धुकट पडदा. जिथे काही बदललंय तिथे उजळ रेषा उमटतील. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर:

```
magick mool.png rangeet.png -colorspace Gray -compose difference -composite -auto-level farak.png
```

अट एकच, दोन्ही फोटो पिक्सेलला पिक्सेल जुळले पाहिजेत. अ‍ॅपने मोठा केला असेल तर आधी मूळ मापावर आणा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको, तो दाबून लहान झालेला असतो. भावाकडून मूळ फाईल मागवा, ई-मेलने. त्याने अ‍ॅपमध्ये कुठली प्रत घातली होती तीही मागा. ज्यांना कमांड नको त्यांनी गिंपमध्ये रंगीत फोटोचा रंग काढून, एकावर एक थर ठेवून वरच्या थराचा मोड `Difference` करावा.

शेवटचं `-auto-level` फरक मुद्दाम भडक करून दाखवतं. त्यामुळे बारीक ठिपक्यांना घाबरू नका, आकार दिसतो का ते बघा.

बोरूबहाद्दर

आमच्यासारख्यांनी काय करायचं? मला फक्त फॉरवर्ड करता येतं.

शेवंता७

तेच नका करू, एवढं पुरे 😀

चिंचेचा पार

भावाने दोन्ही फाईली पाठवल्या. पिक्सेल, तुमची कमांड चालवली. निकाल सांगतो.

लुगडी, धोतरं, भिंत, सगळं काळं. म्हणजे तिथे खरंच फक्त रंग भरलाय. पण प्रत्येक चेहऱ्याच्या जागी उजळ चौकोनासारखं काहीतरी, त्यात डोळे, ओठ आणि जबड्याची कड लख्ख. चेहरे नव्याने बसवलेत यात शंका नाही. मागच्या ओळीत उजवीकडच्या दोन्ही बायकांच्या कपाळावर एकेक पांढरा ठिपका उमटलाय. अ‍ॅपने पुसलेलं कुंकू! डावीकडच्या बाईच्या कपाळावर ठिपका नाही. मूळ फोटो पुन्हा १२०० डीपीआयला स्कॅन करून पाहिला, तिथेही नाही. पदर कपाळापर्यंत आहे, हात पदराखाली, काठ कुठे दिसत नाही.

हिरवा चाफा

मग ती आत्याबाईच. काकू सवाष्ण होती ना तेव्हा?

चिंचेचा पार

हो. काका बरेच नंतर गेले.

मिरजमळा

थांबा जरा. त्या काळी विधवा बाई मुंजीच्या फोटोत मागच्या ओळीत सवाष्णींच्या बरोबरीने उभी राहील? सोवळ्या बायका माजघरातून बाहेर यायच्या नाहीत कार्याच्या दिवशी.

हिरवा चाफा

कार्यात पुढे येत नसत, हे खरं. पण फोटोवाला घरच्या अंगणात आला की घरची सगळी माणसं एकदाच उभी राहायची, पुन्हा कधी योग यायचा? आमच्याकडच्या एका ग्रूपमध्ये आलवणातली पणजी चक्क खुर्चीवर मधोमध बसलीय. घरागणिक वेगळं. आणि ही कडेला उभी आहे, हे बघा ना.

मिरजमळा

कपाळावर पदराची सावली असेल आणि कुंकू त्यात बुडालं असेल, असंही होऊ शकतं. ऑर्थोत कुंकूही काळं आणि सावलीही काळी.

डार्करूम

मिरजमळा, मुद्दा रास्त आहे. सावलीतला ठिपका प्रिंटवर दिसत नाही पण निगेटिव्हवर दिसू शकतो. काचेची प्लेट घरात कुठे असेल तर शोधा, बहुतेक नसेलच, ती स्टुडिओकडे राहायची. प्लेट नसेल तर प्रिंट तिरप्या उजेडात धरून भिंगाने बघा. माझं मत आत्याबाईच्या बाजूने, पण पैज लावणार नाही.

चिंचेचा पार

आणि मुंजा? मूळ स्कॅनमध्ये डोळे फिके आहेत, वजाबाकीत डोळ्यांची जागा सगळ्यात लख्ख. म्हणजे तपकिरी रंग अ‍ॅपचाच. आजोबाच असणार.

अनवट

आजोबांचा जन्म कधीचा?

चिंचेचा पार

१९२६. धाकटे १९२९.

अनवट

मग १९३७ ला आजोबा अकरा वर्षांचे आणि धाकटे आठ. मुंज आठव्या वर्षी करतात. हिशोबाने हा धाकटा निघतो. अ‍ॅप चुकून बरोबर आलं म्हणायचं!

डार्करूम

फिक्या डोळ्यांवरही फार भिस्त ठेवू नका. अंगणातल्या फोटोत पांढऱ्या आकाशाचा उजेड बुबुळावर चमकला तरी डोळा फिका दिसतो. बाकीच्यांचे डोळे त्याच फोटोत कसे आहेत ते पाहा. सगळ्यांचेच फिके असतील तर तो उजेड. एकट्याचेच असतील तर घारे.

चिंचेचा पार

शेजारच्या टोपीवाल्या मुलाचेही फिके आहेत. बाकी सगळ्यांचे काळे.

हिरवा चाफा

अहो मग दोघे भाऊच असतील की! धाकट्याचेही डोळे घारे होते का, ते कुणाला विचारलंत?

चिंचेचा पार

त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणते, "बाबांचे डोळे? घारेच की थोडे. आमच्याकडे सगळ्यांचेच." हे आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण घारे म्हणजे आजोबा असं ठरूनच गेलं होतं.

मिरजमळा

खर्च वाचवायला दोघा भावांच्या मुंजी एकाच मुहूर्तावर लावायचे. तसं असेल तर टोपीवाल्याचंही डोकं केलेलं असणार. टोपीच्या खाली कानापाशी केस आहेत का बघा.

चिंचेचा पार

त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातलाय, हातात दंडही नाही. पण कानापाशी बघतो. त्या जागी पुठ्ठ्याला नेमका डाग पडलाय.

नानबा

बटाटा लावून बघा.